ओळखीचा वाटणारा शब्द आणि शेजारची वाक्ये



दिवाळीच्या सुट्टीनंतर एका आईने आम्हाला एक गोष्ट सांगितली. जळगावहून मामांचा मोबाईलवर लांबलचक मराठी निरोप आला होता. आईचे हात पिठात होते, म्हणून सातवीतल्या मुलाने तो वाचला आणि स्वयंपाकघरात येऊन सांगितले, "आजीचा स्वभाव अजून नाजूक आहे म्हणे, आणि रस्त्यावर वाहनं फार आहेत म्हणून येऊ नका." आईला हसू आले. आजी मुळातच हळव्या, त्यात नवीन काय! रात्री भांडी आवरल्यावर तिने स्वतः निरोप उघडला. त्यात लिहिले होते, "आईची प्रकृती अजून नाजूक आहे. सलाईन कालच काढले. लेकरांना घेऊन एवढी यातायात करू नका, आम्ही कळवत राहू."

आजी आजारी होत्या, आणि घरात ते कळायला रात्र झाली.

या मुलाला मराठी वाचता येते आणि तो वर्गात हुशार आहे. मग चुकले कुठे? आपल्या सिंधीपुऱ्यातल्या घरांत मराठी बोलली जाते, पण दाराबाहेर पाऊल टाकले की हिंदी, आणि शाळेतली बहुतेक पुस्तकेही हिंदीतच. हिंदीत 'प्रकृति' म्हणजे निसर्ग किंवा स्वभाव, आणि 'यातायात' म्हणजे वाहतूक. मराठी पत्रात मात्र 'प्रकृती' म्हणजे बहुधा तब्येत, आणि 'यातायात' म्हणजे जाण्यायेण्याची दगदग. मुलाने दोन्ही शब्दांना हिंदीतला अर्थ लावला आणि तो पुढे गेला. 'सलाईन' हा शब्द अगदी पुढच्याच वाक्यात होता. तो त्याने वाचलाही, पण त्याचा मागच्या शब्दाशी संबंध जोडला नाही. शब्द पूर्ण अनोळखी असता, तर तो थांबला असता. ओळखीचा वाटला, म्हणूनच थांबला नाही.

अनोळखी शब्दाचा अर्थ शेजारच्या वाक्यांवरून कसा काढावा, हे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. आपल्या मुलांसाठी त्यात एक गोष्ट वेगळी आहे. आपल्याला पूर्ण नव्या शब्दांइकताच धोका ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचाही आहे. म्हणून आम्ही वर्गात ज्या क्रमाने हे शिकवतो, तो येथे एका उताऱ्यावर करून दाखवत आहोत. हा क्रम मुळात आमचा नाही. क्लार्क आणि पॉल नेशन या दोन अभ्यासकांनी १९८० साली इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी अशा पायऱ्या मांडल्या होत्या. त्यांतले एक तत्त्व आपल्या फार कामाचे आहे: शब्दाच्या रूपाकडे सर्वांत शेवटी पाहायचे. आधी वाक्य, मग परिच्छेद, आणि शेवटी शब्दाचे रूप. आपण नेमके उलटे करतो.

उतारा

आपल्या गावाजवळच्या कुंडी भंडाऱ्यावर आम्ही वर्गासाठी एक छोटा उतारा लिहिला. तो असा:

"सातपुड्याच्या डोंगरातून तापीकडे जमिनीखालून झिरपत जाणारे पाणी या कुंड्यांमध्ये अडवलेले आहे. एका कुंडीपासून दुसऱ्या कुंडीकडे भुयार जाते. भुयाराला किंचित उतार आहे, म्हणून पाणी आपोआप पुढे सरकते. त्यासाठी मोट लागत नाही की पंप लागत नाही. पण कुंड्यांची निगा राखली नाही, तर भुयारात गाळ साचतो. मग वरच्या कुंडीत पाणी तुंबते आणि खालची कुंडी कोरडी पडते. म्हणून अधूनमधून आत उतरून गाळ उपसावा लागतो."

कुंडी भंडारा मोगलांच्या काळातला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. मुलांनी तो पाहिलेला असतो, म्हणून उताऱ्याचा विषय त्यांना परका नाही. अडला तो 'निगा' हा शब्द. वर्गात बहुतेकांनी क्षणात हात वर केला, "सर, निगा म्हणजे निगाह! निगाह रखना, म्हणजे नजर ठेवणे." आम्ही हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. उत्तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात केली.

पहिली पायरी: शब्द वाक्यात काय काम करतो?

अर्थ माहीत नसला तरी शब्दाचे काम ओळखता येते, आणि त्यात मराठीचे व्याकरण आपल्या बाजूने उभे असते. "कुंड्यांची निगा राखली नाही" यात क्रियापद 'राखली' आहे. 'राखला' किंवा 'राखले' नाही. म्हणजे 'निगा' हे नाम आहे आणि ते स्त्रीलिंगी, एकवचनी आहे. निगा ही राखण्याची काहीतरी गोष्ट आहे, एवढे येथे पक्के झाले.

आता त्याआधीचा शब्द पाहा. 'कुंड्यांची' असे आहे, 'कुंड्यांवर' असे नाही. नजर ठेवायची असते ती कशावर तरी. हिंदीतही 'किसी पर निगाह' असेच म्हणतात. येथे मात्र 'ची' आहे, जसे आपण 'घराची साफसफाई', 'आजाऱ्याची सेवा', 'झाडाची वाढ' म्हणतो. फळ्याच्या कोपऱ्यातल्या उत्तराला पहिला तडा येथे गेला. विभक्तीचा एवढासा प्रत्यय, पण डोळ्यांआड होऊ दिला तर अर्थ हातचा जातो.

दुसरी पायरी: त्याच वाक्यात जोडणारे शब्द कोणते?

वाक्यात 'पण' आहे आणि 'नाही, तर' आहे. 'पण' सांगतो की आतापर्यंत सगळे नीट चालले होते, आता काहीतरी बिघडू शकते. 'नाही, तर' सांगतो की निगा राखली नाही म्हणजे एक वाईट गोष्ट घडते, आणि ती गोष्ट वाक्यातच दिली आहे: गाळ साचतो. म्हणजे निगा ही गाळ साचू न देणारी गोष्ट आहे.

मराठीत असे खुणा दाखवणारे शब्द थोडेच आहेत आणि ते सगळ्यांना येतात: पण, म्हणून, कारण, तरी, नाही तर, म्हणजे, किंवा. 'म्हणून' आला की त्याच्या आधी कारण असते. 'कारण' आला की कारण पुढे असते. 'पण' आला की अर्थ वळण घेतो. अनोळखी शब्दाच्या आसपास यांपैकी एखादा सापडला, तर त्याला पेन्सिलीने गोल करावा.

तिसरी पायरी: मागची आणि पुढची वाक्ये काय सांगतात?

मागच्या वाक्यांवरून कळते की पाणी उतारावरून आपोआप वाहते. पुढच्या वाक्यावरून कळते की गाळ साचला की वर पाणी अडकते आणि खाली पोहोचत नाही. शेवटचे वाक्य 'म्हणून'ने सुरू होते आणि उपाय सांगते: आत उतरून गाळ उपसणे. तेव्हा निगा राखण्यात प्रत्यक्ष काम आहे, हात चिखलात घालण्याचे काम आहे. काठावर उभे राहून नुसती नजर ठेवली तर गाळ काही निघत नाही.

चौथी पायरी: आपल्या शब्दांत अंदाज मांडा

येथे मुलांना एकच अट असते. अंदाज पूर्ण शब्दांत सांगायचा. "काहीतरी चांगलं" असे उत्तर चालणार नाही. एक मुलगी म्हणाली, "एखादी गोष्ट बिघडू नये म्हणून तिच्यासाठी वेळच्या वेळी जे करावे लागते ते." याहून नेटकी व्याख्या आम्हालाही सुचली नसती. एका शब्दात सांग म्हटल्यावर ती म्हणाली, "देखभाल."

पाचवी पायरी: अंदाज तपासा

तपासायचा पहिला मार्ग म्हणजे अंदाज मूळ शब्दाच्या जागी बसवून वाक्य मोठ्याने वाचणे. "कुंड्यांची देखभाल केली नाही, तर भुयारात गाळ साचतो." बसले. आता कोपऱ्यातले उत्तर बसवून पाहा: "कुंड्यांची नजर ठेवली नाही, तर भुयारात गाळ साचतो." जीभच अडखळते. जीभ अडखळली की समजावे, एक तर अंदाज चुकला आहे किंवा शब्दाची जात बदलली आहे.

दुसरा मार्ग म्हणजे शब्दाच्या रूपाकडे पाहणे, आणि तो आत्ता, शेवटी. 'निगा' आणि 'निगाह' एकाच फारसी शब्दापासून आलेले आहेत, म्हणजे मुलांनी जोडलेले नाते खोटे नव्हते. पण हिंदीत अर्थ 'नजर' राहिला आणि मराठीत तो 'काळजी, देखभाल' असा पुढे सरकला. असे होणे नवलाचे नाही. "म्हाताऱ्या आईला कोण बघतं?" असे आपण विचारतो, तेव्हा डोळ्यांनी बघण्याविषयी विचारत नसतो. रूपाकडे आधी पाहिले असते तर ते आपल्याला 'नजर'पाशी अडवून ठेवते. अर्थ काढून झाल्यावर पाहिले, तेव्हा त्याने अर्थाला दुजोरा दिला आणि शब्द लक्षात राहण्याची सोयही केली.

तिसरा मार्ग शब्दकोश. तो अंदाज लिहून झाल्यावरच उघडायचा.

त्याच उताऱ्यातला 'तुंबते' हा शब्द मुलांनी मग स्वतः सोडवला. शेवटी 'ते' आहे, म्हणून क्रियापद. 'वरच्या कुंडीत' आणि 'खालची कुंडी' ही जोडी समोरासमोर आहे. खाली कोरडे पडते, तर वर त्याच्या उलट. गाळ मध्ये आहे. म्हणजे वाट बंद झाल्याने पाणी साचून राहते. याला दोन मिनिटे लागली. हिंदीतला जुळा भाऊ नसलेला शब्द बरेचदा लवकर सुटतो, हे आम्ही वारंवार पाहिले आहे.

शब्द ओळखीचा वाटतो, मग थांबायचे कधी?

प्रत्येक ओळखीच्या शब्दाशी थांबत बसलो तर वाचन होणारच नाही. म्हणून खूण अशी ठरवली आहे: वाक्य वाचून झाल्यावर ते विचित्र, विनोदी किंवा अर्धवट वाटले, तर त्यातल्या सर्वांत ओळखीच्या जड शब्दावर संशय घ्यायचा.

हे वाक्य पाहा: "नव्या शाळेत मुले त्याच्या उच्चारांची चेष्टा करू लागली, आणि तो रडवेला होऊन घरी आला." हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. तो अर्थ बसवला तर मुले त्याच्यासारखे बोलण्याचा प्रयत्न करू लागली, असे काहीतरी होते. पण मग तो रडवेला का झाला? वाक्याचा मागचा भाग पुढच्या भागाशी भांडतो. त्या भांडणातूनच कळते की 'चेष्टा' म्हणजे येथे टिंगल. मामांच्या निरोपातही असेच होते. आजीचा स्वभाव आणि सलाईन यांचा मेळ बसत नव्हता, आणि मेळ बसत नाही हीच थांबण्याची खूण होती.

शेजारची वाक्ये कधी दगा देतात?

ही रीत दर वेळी चालते असे आम्ही म्हणणार नाही. हे वाक्य वाचा: "त्यांच्या संशोधनामुळे या ग्रंथाची नवी आवृत्ती काढावी लागली." हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती, मराठीत शोध लावण्याचा अभ्यास. दुरुस्त्या केल्या म्हणून नवी आवृत्ती निघाली, हेही बसते. नवी माहिती शोधून काढली म्हणून निघाली, हेही बसते. सगळ्या पायऱ्या चढून आलो तरी दोन्ही अर्थ उभेच राहतात. जीभ अडखळत नाही आणि वाक्यही भांडत नाही. येथे शब्दकोशाशिवाय किंवा जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. दोन अर्थ सारखेच बसत असतील तर आपल्या आवडीचा निवडू नये; दोन्ही लिहावेत आणि पुढे प्रश्नचिन्ह करावे.

दुसरी मर्यादा उताऱ्याच्या अवघडपणाची. शेजारचे शब्दच अनोळखी असतील तर ते मदत कशी करणार? हू आणि नेशन यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की वाचकाला मदतीशिवाय गोष्ट नीट समजायची, तर तिच्यातले शंभरातले सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द त्याला येत असावे लागतात. तो अभ्यास इंग्रजी शिकणाऱ्यांवरचा होता, पण घरी पुस्तक निवडताना अंदाजासाठी उपयोगी आहे. पन्नास शब्दांमागे एखाद-दुसरा शब्द अडत असेल तर मुलाला अर्थ काढू द्यावा. दर ओळीत दोन शब्द अडत असतील तर ते पुस्तक आज बाजूला ठेवावे, किंवा शेजारी बसून वाचून दाखवावे.

तिसरी गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. अर्थ काढता आला म्हणजे शब्द कायमचा आला, असे होत नाही. स्वानबोर्न आणि डी ग्लॉपर यांनी १९९९ साली अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले. सहज वाचन करताना भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी सुमारे पंधरा शब्द मुलांच्या पदरात पडतात, असे त्यांना आढळले. तेव्हा मुलाने 'निगा' आज सोडवला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारला, तर रागावू नये. तो शब्द त्याला आणखी चार ठिकाणी भेटायला हवा.

वही आणि कोश

आमच्या वर्गात यासाठी एक साधी वही आहे. पानावर तीन उभे रकाने: पहिल्यात शब्द आणि तो आला ते पूर्ण वाक्य, दुसऱ्यात आपला अंदाज, तिसऱ्यात कोशातला अर्थ. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही. चुकलेल्या अंदाजांची पाने चाळली तेव्हा आम्हाला दिसले की बहुतेक चुका दोनच प्रकारच्या आहेत. एक, हिंदीतला अर्थ तसाच उचललेला. दोन, पुढचे वाक्य न वाचताच ठरवलेला अर्थ. मूल कोणती चूक करते हे कळले, की त्याला काय सांगायचे तेही कळते.

पालकांना एवढीच विनंती, की मुलाने शब्द विचारला तर लगेच अर्थ सांगू नये. "पूर्ण वाक्य वाच बरं, आणि त्याच्या पुढचंही," एवढे म्हणावे. बरेचदा दुसऱ्या वाक्याच्या शेवटी मूल स्वतःच "अच्छा!" म्हणते. अर्थात निरोप दवाखान्याचा, औषधाचा किंवा पैशाचा असेल, तर अंदाजावर मुळीच राहू नये. मोठ्यांनी स्वतः वाचावे. आणि विश्वस्त मंडळींपुढे आमचे एक मागणे आहे. कोश ग्रंथालयाच्या कपाटात कुलपाआड असला, तर तिसरा रकाना रिकामाच राहतो. पाचवीपासून प्रत्येक वर्गात एक मराठी शब्दकोश मुलांच्या हाताला येईल असा उघड्यावर असावा.

घरी करून पाहा

पुढच्या वाक्यांत एकेक शब्द अवतरणात दिला आहे. त्याचे काम, जोडणारे शब्द आणि पुढचा-मागचा भाग पाहून अर्थ लिहा. उत्तरे खाली आहेत. आधी हाताने झाकून घ्या.

१. उशिरा आलेल्या तिघांना गुरुजींनी 'शिक्षा' केली, म्हणून मधल्या सुट्टीत ते खेळायला येऊ शकले नाहीत.

२. बाबा परगावी होते, म्हणून प्रगतिपुस्तकावर आईने 'सही' केली.

३. पुराच्या त्या 'आपत्तीत' शेजारच्या गावांनी धान्य आणि पांघरुणे पाठवली.

४. रात्रभर कोसळणारा पाऊस पहाटे 'ओसरला', आणि मुले छत्री न घेताच शाळेला निघाली.

५. खूप शोधल्यावर हरवलेली शेळी सापडली, तेव्हा आजोबांच्या चेहऱ्यावर 'समाधान' दिसले.

उत्तरे: १. दंड (हिंदीतले शिक्षण नव्हे). २. स्वाक्षरी (हिंदीतले 'बरोबर' नव्हे). ३. संकट (हिंदीत हा शब्द 'हरकत' या अर्थानेही येतो, येथे तो बसत नाही). ४. कमी होत गेला. ५. मनाला वाटलेली तृप्ती (हिंदीतला 'प्रश्नावरचा तोडगा' नव्हे).

पाचव्या वाक्यात तोडगा हा अर्थ का बसत नाही, ते वहीत दोन ओळींत लिहून आणा. आणि त्या मामांच्या निरोपातली आजी आता हिंडूफिरू लागली आहे. नातवाने तिला फोनवर मुद्दाम विचारले, "आजी, प्रकृती कशी आहे?"